संदेश पोचला, पण कळला का?

नोव्हेंबर उजाडला की निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ पोस्टाला विनंती करून शिबिर लावतात आणि संघाच्या व्हॉट्सॲप गटावर साधारण असा मजकूर येतो:

«सर्व सन्माननीय सभासदांना नम्र विनंती! डिजिटल लाइफ सर्टिफिकेट मोहिमेअंतर्गत पोस्ट खात्याच्या सहकार्याने आपल्या संघातर्फे डीएलसी कॅम्प आयोजित केला असून ज्यांनी अद्याप सबमिट केले नसेल त्यांनी येत्या मंगळवारी १० ते १ या वेळेत आधार, पीपीओ, पासबुक व मोबाइलसह उपस्थित राहावे. नाममात्र शुल्क आकारले जाईल. ८०+ सभासदांसाठी सुविधा १ ऑक्टोबरपासूनच सुरू आहे. ईपीएसधारकांना वर्षात कधीही करता येते. ३० नोव्हेंबर अंतिम तारीख. फेस ऑथेंटिकेशनद्वारे घरबसल्याही करता येईल, लिंक खाली दिली आहे.»

यातली माहिती चुकीची नाही. केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांनी दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, ८० पूर्ण केलेल्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो, भविष्यनिर्वाह निधीतून पेन्शन घेणाऱ्यांचा दाखला दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो, आणि फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही दाखला निघतो. सगळं खरं आहे. तरी हे वाचून ७६ वर्षांच्या आजी सुनेला विचारतात, “मग मी मंगळवारी जायचं, की ते लिंकचं काहीतरी करायचं?” लिहिणाऱ्याने चार प्रकारच्या माणसांना चार वेगवेगळ्या गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. त्यातली आपली कोणती, हे शोधायचं काम मात्र वाचणाऱ्याच्या माथी मारलं आहे.

म्हणून मजकूर पुन्हा लिहायला बसताना शब्दांना हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: हा संदेश वाचून माणसाने नेमकं काय करायचं? इथे उत्तर सरळ आहे. मंगळवारी सभागृहात यायचं. बाकीचं प्रत्येक वाक्य या कसोटीवर घासायचं. चेहऱ्याच्या ॲपची माहिती उपयोगी खरी, पण ज्याला ते जमतं तो शिबिराची वाट बघत नाही. ते वाक्य गेलं. लिंकही गेली, आणि तिच्या जाण्याचा एक जास्तीचा फायदा आहे. पेन्शनच्या नावाने फसवणारेही लिंकच पाठवतात, त्यामुळे सावध माणूस लिंक दिसली की अख्ख्या संदेशावरच शंका घेतो. ८० वर्षांवरच्यांची सवलत आता नोव्हेंबरात कुणाच्या कामाची नाही. ईपीएसवाल्यांनी मुदतीआधी दाखला दिला तर त्यांचं वर्ष त्या दिवसापासून मोजलं जातं, नुकसान काही नाही. म्हणजे त्यांच्यासाठीचा अपवादही गाळता येतो.

सगळ्यात जड जातं ते ३० नोव्हेंबर गाळणं. पण एका संदेशात दोन तारखा असल्या की लक्षात राहते ती शेवटची. मग मंगळवारी सभागृह अर्धं रिकामं, आणि २९ तारखेला संघाच्या दारात म्हातारी मंडळी उभी. बरं, दाखला उशिरा दिला म्हणून पेन्शन बुडत नाही. ती थांबते, आणि दाखला मिळाल्यावर राहिलेल्या रकमेसह पुन्हा सुरू होते. घाबरवून माणसं गोळा करायची गरज नाही.

आता शब्द. इथे तरुण लिहिणारे हमखास फसतात. ‘सोपं’ म्हणजे ‘मुदत’, ‘दाखला’, ‘सभागृह’ हे शब्द काढून इंग्रजी घालणं, असा त्यांचा समज असतो. वाचणारे तर निवृत्त हेडमास्तर, तलाठी, परिचारिका. ‘हयातीचा दाखला’ त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. ते अडतात ‘डीएलसी’ला, ‘सबमिट’ला. ‘पीपीओ’ मात्र ठेवायचा, कारण तो त्यांच्या कागदांवर तसाच छापलेला असतो. आणि ‘नाममात्र शुल्क’ हे काही माहिती देणारं बोलणं नव्हे. किती, ते लिहावं. ‘येत्या मंगळवारी’ही तसंच धोक्याचं: संदेश आठवडाभराने कुणी पुढे ढकलला की तो भलताच मंगळवार होतो.

नवा मजकूर असा झाला:

हयातीचा दाखला

मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी १० वाजता संघाच्या सभागृहात या.

सोबत आणा:

आधार कार्ड

पीपीओ नंबर

बँकेचं पासबुक

तुमचा मोबाइल

७० रुपये

पोस्टमन तिथेच दाखला काढून देतील. त्यासाठी बँकेत जावं लागणार नाही.

यंदाचा दाखला आधीच दिला असेल, तर काही करायचं नाही.

‘१० ते १’चं ‘१०’ झालं, कारण एक वाजेपर्यंत चालेल म्हटलं की निम्मे लोक पावणेएकला येतात. सोबत आणायच्या वस्तू एकाखाली एक आहेत, म्हणजे घरातून निघताना बोट ठेवत मोजता येतात. बँकेचं वाक्य का ठेवलं? दाखला निघाल्यावर बँकेकडे तो पोचवायचा कुणी, हा प्रश्न हमखास येतो.

अक्षरांचा आकार पाठवणाऱ्याच्या हातात नसतो, हेही ध्यानात ठेवावं. तो वाचणाऱ्याच्या फोनमधल्या सेटिंगवर ठरतो. आपल्या हातात आहे ती मोकळी जागा आणि ठळक ओळ. व्हॉट्सॲपमध्ये शब्दांच्या दोन्ही बाजूंना * हे चिन्ह दिलं की अक्षर ठळक होतं, पण सगळंच ठळक केलं तर काहीच उठून दिसत नाही. शिवाय ठळक जोडाक्षरं छोट्या पडद्यावर एकमेकांत मिसळतात. म्हणून शीर्षक आणि यायची ओळ एवढीच ठळक ठेवावी. पुष्कळ संघांना फुलांच्या चौकटीतलं रंगीत चित्र बनवायची हौस असते. ती आवरावी. फोनचं अक्षर मोठं केलं तरी चित्रातलं अक्षर मोठं होत नाही, ते दोन बोटांनी ताणून, इकडेतिकडे सरकवत वाचावं लागतं.

पाठवण्याआधी एक परीक्षा करावी. गटातल्याच एका सत्तरीपुढच्या सभासदाला मजकूर वाचायला द्यावा, मग फोन बाजूला ठेवून विचारावं, “काका, तुम्ही काय करणार?” ‘कळलं का?’ असं विचारू नये, त्याचं उत्तर नेहमी ‘हो’च येतं. काका म्हणाले, “मंगळवारी दहाला आधार, पासबुक घेऊन यायचं,” तर जमलं. “बँकेत आधी विचारून येतो,” म्हणाले, तर बँकेचं वाक्य अजून स्पष्ट नाही. पीपीओचं नाव त्यांनी घेतलंच नाही, तर यादीत त्या ओळीला ‘पेन्शनच्या कागदावरचा’ हे दोन शब्द जोडावेत.

पाठवल्यावर सकाळच्या सुप्रभातांच्या फुलांखाली संदेश गाडला जातो, म्हणून तो सात दिवसांसाठी गटाच्या माथ्यावर पिन करावा. आदल्या दिवशी आठवण द्यायची तर तोच मजकूर शब्दही न बदलता पुन्हा टाकावा. वेगळ्या शब्दांत लिहिला की लोकांना वाटतं, आणखी एक शिबिर आहे.

जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांचं काय, हा प्रश्न समितीच्या बैठकीत कुणीतरी काढतोच, आणि ‘येऊ न शकणाऱ्यांनी फोन करावा’ अशी ओळ जोडायचा आग्रह होतो. ती जोडू नये. ती ओळ असली की येऊ शकणारेही फोन करत बसतात. अशा सभासदांची नावं संघाकडे असतात. त्यांच्या मुला-सुनांना वेगळा संदेश द्यावा: पोस्टमन घरी येतील, कोणत्या दिवशी ते आम्ही कळवू, त्या दिवशी कागद काढून ठेवा.