स्पंजात भरलेलं क्रीम : कुशन कॉम्पॅक्ट कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये



मागच्या महिन्यात पनवेलजवळच्या एका गावातल्या बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. हिशेब संपला, चहा आला आणि गटातल्या एका ताईंनी पिशवीतून एक गोल, चपटी डबी काढून आमच्यापुढे ठेवली. लेकीने पनवेलच्या बाजारातून आणली होती. ताई म्हणाल्या, "पावडरची डबी समजून उघडली, तर आत ओला स्पंज! आता मे महिन्यात गटातल्या दोन मुलींची लग्नं आहेत. म्हटलं, सगळ्यांनी पैसे घालून अशी एक घ्यावी आणि करवल्यांना, बायकांना सगळ्यांनाच वापरता येईल. घ्यावी का हो?"

आम्ही तिथल्या तिथे उत्तर दिलं, "सगळ्यांत मिळून एक, अशी मुळीच घेऊ नका." पण असं का, हे सांगायला ती डबी आतून समजून घ्यावी लागते. आजचं बोलणं त्याचंच.

या डबीला कुशन कॉम्पॅक्ट म्हणतात. कुशन म्हणजे गादी. ही कल्पना दक्षिण कोरियातली. तिथल्या अमोरेपॅसिफिक या कंपनीने २००८ मध्ये आयोपे या नावाखाली पहिली अशी डबी बाजारात आणली. गाडी लावायच्या जागी पावतीवर मारायचा शिक्का पाहून ही युक्ती सुचली, असं ते सांगतात. शाई पातळ असते, तरी शिक्का उमटतो तो नेमका, ओघळत नाही. तसंच पातळ क्रीम चेहऱ्यावर उमटवता आलं तर?

आपल्याला हे समजायला कोरियात जायची गरज नाही. बँकेत अंगठा उठवताना जो शाईचा पॅड पुढे येतो, तो आठवा. पॅड उलटा केला तरी शाई सांडत नाही. अंगठा हलकेच टेकवला की हवी तेवढीच शाई लागते. कुशनची डबी म्हणजे असाच पॅड, फक्त शाईऐवजी त्वचेच्या रंगाचं पातळ क्रीम.

आता आतला स्पंज पाहू. त्याला असंख्य बारीक छिद्रं असतात आणि ती आतून एकमेकांना जोडलेली असतात. क्रीम त्या छिद्रांमध्ये धरून राहतं. वरून दाबलं की थोडं वर येतं, हात काढला की उरलेलं परत आत ओढलं जातं. पातळ क्रीम बाटलीत ठेवलं तर रंगाचा भाग खाली बसतो, म्हणून बाटली हलवावी लागते. स्पंजात ते बारीक बारीक जागांत वाटलं गेलेलं असल्याने तसं सहज होत नाही.

डबीत दुसरीही एक वस्तू असते, ती म्हणजे लावायचा पफ. तो आतल्या स्पंजासारखा नसतो. त्याचा पृष्ठभाग खूप घट्ट आणि गुळगुळीत असतो. त्यामुळे क्रीम त्यात मुरत नाही, वरच राहतं आणि चेहऱ्यावर उतरतं. म्हणून पफ हरवला तर भांड्यांचा किंवा अंघोळीचा स्पंज कापून चालवू नका. तोच अर्धं क्रीम पिऊन टाकेल.

लावायची रीत सोपी आहे. पफ स्पंजावर एकदाच, हलका टेकवायचा. मग गालावर, कपाळावर, हनुवटीवर टिपटिप करत लावायचं. घासायचं नाही. घासलं की रेघा पडतात आणि आधी लावलेलंही निघतं. स्पंजावर जोर दिला तर पफवर गोळा येतो आणि चेहऱ्यावर थर बसतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पफ चेहऱ्याला लागतो आणि पुन्हा स्पंजावर टेकतो. जाताना तो काय घेऊन जातो? घाम, तेल, मेलेली त्वचा आणि फुटलेली पुळी असेल तर तिचा स्रावही. ते सगळं स्पंजात उतरतं आणि स्पंज ओला असतो. ट्यूबमधून क्रीम बाहेर येतं, परत आत जात नाही. कुशनमध्ये मात्र प्रत्येक टेकवण्याबरोबर थोडं काहीतरी आत जातं. क्रीममध्ये टिकवणारे पदार्थ असतात, पण ते एका चेहऱ्याचा भार सोसतात, लग्नघरातल्या पंधरा चेहऱ्यांचा नाही. पफ बदलला तरी स्पंज तोच राहतो. म्हणून ही डबी एका बाईची. मायलेकींनीसुद्धा एकत्र वापरू नये. ज्या ताई गटात मेकअपची कामं घेतात, त्यांनी ट्यूब किंवा बाटलीतलं क्रीम चमच्याने स्वच्छ बशीत काढून घ्यावं आणि प्रत्येकीला धुतलेला वेगळा पफ वापरावा.

पफ आठवड्यातून एकदा तरी धुवा. कोमट पाणी आणि थोडा सौम्य शाम्पू घ्या, दाबून दाबून धुवा, पिळू नका. मग सावलीत पूर्ण वाळवा. आपल्याकडे पावसाळ्यात कपडेच दोन दिवस वाळत नाहीत, तर पफची काय कथा! म्हणून दोन पफ ठेवा आणि आलटून पालटून वापरा. ओलसर पफ डबीत बंद करणं सगळ्यात वाईट.

आता रिफिलविषयी. डबीच्या आत प्लॅस्टिकची एक वाटी असते. स्पंज आणि क्रीम त्या वाटीत असतं आणि वाटीवर घट्ट बसणारं आतलं झाकण असतं. क्रीम संपलं की फक्त ही वाटी बदलायची; आरसा, बाहेरची डबी तीच राहते. बऱ्याच डब्यांना तळाशी एक छोटं भोक असतं. तिथून बोटाने वर ढकललं की जुनी वाटी सुटते. डबी कोरड्या फडक्याने पुसा, नव्या वाटीची खाच डबीच्या खाचेवर आणा आणि टक असा आवाज येईपर्यंत दाबा. त्यानंतरच वरचा चिकटवलेला पडदा काढा. आधी काढलात तर दाबताना क्रीम बोटांना लागतं. एका कंपनीची वाटी दुसऱ्या कंपनीच्या डबीत बहुतेक बसत नाही, म्हणून रिफिल घेताना जुनी डबी बरोबर न्या. आणि पडदा एकदा काढला की वाटी वापरातली झाली. दोन्ही वाट्या एकदम उघडून ठेवू नका.

आतलं झाकण प्रत्येक वेळी नीट लावायचं. ते उघडं राहिलं की क्रीममधलं पाणी उडतं आणि स्पंज कडेने कोरडा पडायला लागतो. तसं झालं तर स्वच्छ हातांनी किंवा चिमट्याने स्पंज एकदा उलटा करा, खाली उरलेलं क्रीम वर येतं. पाणी, गुलाबपाणी किंवा खोबरेल तेल मात्र घालू नका. त्याने क्रीम फाटतं आणि लवकर खराब होतं. वास बदलला, तेल वेगळं सुटलेलं दिसलं किंवा रंग पालटला, तर पैसे गेले म्हणून हळहळा, पण ते चेहऱ्याला लावू नका.

मग ही डबी घ्यायची कुणी? याचं उत्तर त्वचेपेक्षा आधी वापर किती आहे यावर ठरतं. एक हिशेब करू. समजा वाटीत १५ ग्रॅम क्रीम आहे आणि एका वेळी ०.३ ग्रॅम लागतं. म्हणजे साधारण ५० वेळा लावता येईल. पनवेलहून रोज लोकलने बेलापूरला कामाला जाणारी मुलगी ते दोन महिन्यांत संपवेल. तिच्यासाठी रिफिलची सोय खरी उपयोगाची. आता दुसरी बाई घ्या, जी लग्नाकार्याला आणि सणाला मिळून वर्षातून दहा वेळा तोंडाला काही लावते. तिला तीच वाटी पाच वर्षं पुरेल. पण डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र असतं आणि त्यात ६ किंवा १२ असा आकडा असतो. उघडल्यापासून तितक्या महिन्यांत संपवा, असा त्याचा अर्थ. म्हणजे या बाईचं चार हिस्से क्रीम वाया जाणार. तिने छोटी ट्यूब घ्यावी. रिफिलचा तिला काहीच उपयोग नाही.

त्वचेचं म्हणाल, तर कोरड्या आणि मध्यम त्वचेला हे चांगलं बसतं. वय वाढलेल्या, बारीक सुरकुत्या असलेल्या चेहऱ्यावर पावडर रेघांत जाऊन बसते, त्यापेक्षा हे पातळ क्रीम बरं दिसतं. ज्यांचा चेहरा तेलकट आहे, त्यांच्या नाकावरून आणि कपाळावरून आपल्या दमट हवेत ते लवकर सरकतं. वरून थोडी पावडर टिपावी लागते. पिकलेल्या पुळ्या असतील तर त्या बऱ्या होईपर्यंत डबी बंदच ठेवा.

रंगाकडे नीट बघा. कोरियन डब्यांवर २१, २३ असे आकडे असतात. २१ गोरा, २३ मध्यम, पण हे मध्यम तिथल्या लोकांच्या हिशेबाने. आपल्या गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यावर ते राखाडी, पांढुरकं दिसतं. दुकानातल्या दिव्याखाली हातावर लावून बघू नका. जबड्याच्या कडेला थोडं लावा, बाहेर उजेडात या, दहा मिनिटं थांबा. गळ्याच्या रंगात मिसळलं तरच घ्या. दुकानातला सर्वांचा पफ मात्र चेहऱ्याला लावून घेऊ नका, स्वतःचं बोट किंवा कापूस वापरा.

आणि शेवटी एक मोठा गैरसमज. डबीवर एसपीएफ ५० लिहिलेलं असतं, म्हणून शेतावर जाताना हेच लावलं की ऊन लागत नाही, असं बायका समजतात. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर लावून मोजतात. चेहरा आणि थोडा गळा धरला तर सव्वा ग्रॅमच्या आसपास लागेल. आपण लावतो त्याच्या चौपट! तेवढं लावलं तर वाटी बारा दिवसांत संपेल आणि चेहरा मुखवट्यासारखा दिसेल. म्हणून उन्हाचं क्रीम वेगळं लावा, डोक्यावर पदर किंवा टोपी घ्या आणि त्यानंतर हौस असेल तर कुशन.

घेताना खोक्यावर मुदत, किंमत आणि बाहेरच्या देशातला माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापलेला आहे का ते बघा. भारतात विकायच्या परदेशी सौंदर्यप्रसाधनांना ती नोंदणी लागते. काहीच छापलेलं नसेल तर स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका.

बैठकीतल्या ताईंनी हे सगळं ऐकलं आणि डबी परत पिशवीत ठेवली. म्हणाल्या, "मग ही लेकीचीच राहू दे. ती रोज कामाला जाते. लग्नासाठी आम्ही ट्यूब आणू आणि पफ मात्र प्रत्येकीचा वेगळा घेऊ." गटाच्या वहीत त्या दिवशी तसंच लिहिलं गेलं.