नंबर फुटला, पण कशासोबत?

2021च्या मे महिन्यात पिझ्झा मागवणाऱ्या भारतीयांसाठी एक अजब सोय झाली होती. डॉमिनोजच्या भारतातल्या ग्राहकांची माहिती चोरणाऱ्यांनी डार्क वेबवर चक्क एक शोधखिडकी उघडली. तिथे मोबाईल नंबर टाकला की त्या नंबरावरून दिलेल्या ऑर्डरींचा माग निघायचा: नाव, ईमेल, पिझ्झा कुठे पोहोचवला तो पत्ता. अठरा कोटी ऑर्डरींची माहिती आपल्याकडे असल्याचा चोरांचा दावा होता. कंपनीने चोरी झाल्याचं मान्य केलं आणि कार्ड किंवा बँकेचे तपशील त्यात नसल्याचं सांगितलं.

‘आपलं नाव आहे का’ हे बघायला लोक तिथे गेले, हे स्वाभाविकच होतं. पण स्वतःच्या घरातला ऐवज गेला की नाही हे चोराच्याच दुकानात जाऊन विचारण्यातला हा प्रकार. ज्याला फक्त एक जुनी यादी मिळाली होती, त्याला आता कुठला नंबर अजून वापरात आहे आणि कुणाला त्याची काळजी वाटते, हेही कळू शकत होतं. मोबाईल नंबर कुठे फुटलाय का, हे तपासण्याची गोष्ट इथूनच सुरू करावी लागते: कुठे तपासायचं, याच्याआधी कुठे तपासायचं नाही. ‘तुमचा नंबर टाका, लगेच सांगतो’ म्हणणाऱ्या अनोळखी साइटवर किंवा टेलिग्रामवरच्या बॉटला नंबर देऊ नये. आणि तपासणीसाठी कुणी ओटीपी मागितला, तर ती तपासणी नाहीच.

भरवशाचं ठिकाण म्हणून जगभर ज्याचं नाव घेतलं जातं, ते haveibeenpwned.com. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने 2013च्या डिसेंबरात ते सुरू केलं. त्याच वर्षी अडोबी कंपनीची सुमारे पंधरा कोटी खाती फुटली होती. तेव्हापासून ठिकठिकाणी फुटलेल्या याद्या हंट गोळा करतो आणि त्या यादीत आपण आहोत का, एवढंच प्रत्येकाला बघू देतो. मात्र ही साइट मुळात ईमेलवर चालते. नंबराने शोधायची सोय तिथे आली ती एका मोठ्या घटनेमुळे, आणि ती घटना समजली की नंबर ‘फुटणं’ म्हणजे काय, तेही उमगतं.

3 एप्रिल 2021 रोजी 53 कोटींहून जास्त फेसबुक वापरकर्त्यांची माहिती इंटरनेटवर फुकट वाटली गेली. त्यात 106 देशांतले लोक होते, भारतातले सुमारे साठ लाख. खुद्द मार्क झुकरबर्गचा नंबरही त्यात सापडला. कुणी फेसबुकच्या तिजोरीला भोक पाडलं नव्हतं. ‘तुमच्या फोनमधले मित्र शोधा’ अशी एक सोय फेसबुकवर होती. फोनमधली नंबरांची वही तिला दिली की त्यातल्या कुणाचं खातं आहे ते ती दाखवायची. चोरांनी काय केलं, तर खोट्या वह्या बनवल्या. एकापुढे एक असे लाखो नंबर यंत्राने तयार करायचे, वहीत भरायचे आणि विचारायचं, यातलं कोण कोण तुमच्याकडे आहे? फेसबुक इमानेइतबारे उत्तर देत राहिलं. 2019मध्ये ही वाट बंद झाली, पण तोवर नंबर आणि माणूस यांची जोडी लागून गेली होती. आयर्लंडच्या नियामकाने पुढे, 2022मध्ये, या प्रकरणी फेसबुकच्या मालक कंपनीला साडेसव्वीस कोटी युरोंचा दंड केला. ज्यांचे नंबर गेले, त्यांना एकेकाला कळवण्याच्या भानगडीत मात्र कंपनी पडली नाही.

त्या 53 कोटी नोंदींपैकी ईमेल पत्ता जेमतेम पंचवीस लाख नोंदींत होता. म्हणजे ईमेल टाकून शोधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ‘तुम्ही यात नाही’ असं उत्तर मिळालं असतं, आणि ते खोटं ठरलं असतं. म्हणून हंटने काही दिवसांतच नंबराने शोधायची सोय केली. पुढची गंमत अशी, की 2025मध्ये साइटचं नवं रूप आलं तेव्हा ती सोय मुख्य पानावरून काढून टाकली. कारण नंबराची यादी त्या एका घटनेपलीकडे वाढलीच नव्हती. जुन्या लेखांतला ‘इथे +91 लावून नंबर टाका’ हा सल्ला त्यामुळे आता चालत नाही.

मग नंबराचं काय? उलट्या बाजूने जावं लागतं. नंबर बहुतेक वेळा एखाद्या ईमेलसोबत दिलेला असतो, म्हणून आपले सगळे ईमेल एकेक करून तपासायचे. कॉलेजात काढलेला, आता विसरलेला याहूचा पत्तासुद्धा.

समजा, नाशिकच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आपला ईमेल तिथे टाकला आणि दोन घटना समोर आल्या, डॉमिनोज आणि बिगबास्केट. बरेच लोक इथेच घाबरून पान बंद करतात. खरा मजकूर पुढे असतो. प्रत्येक घटनेखाली काय काय फुटलं त्याची यादी दिलेली असते. डॉमिनोजखाली `Phone numbers` आणि `Physical addresses` असं दिसेल. म्हणजे सरांचा नंबर गेला आणि घराचा पत्ताही गेला, पासवर्ड नाही. बिगबास्केटच्या 2020च्या घटनेत दोन कोटींहून जास्त ग्राहकांचे नंबर आणि पत्ते गेले. शिवाय जन्मतारीख गेली आणि सांकेतिक रूपात साठवलेले पासवर्डही. तेव्हा सरांनी तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल, तर तो तिथे आज बदलायला हवा. आणि आपली जन्मतारीख सांगू शकणारा माणूस बँकेतलाच असेल, हे गृहीत धरणंही त्यांनी आजपासून सोडायला हवं.

काहीच सापडलं नाही तर? त्याचा अर्थ एवढाच, की हंटच्या हाती आलेल्या याद्यांत तो ईमेल नाही. नंबर कदाचित सोसायटीच्या गेटवरच्या वहीतून गेला असेल, नाहीतर साडीच्या दुकानात बिल करताना सांगितला तेव्हा. भारतात दहा वर्षं तोच नंबर वापरणाऱ्याने तो बाहेर आहे असंच धरून चालावं, हे जास्त शहाणपणाचं. एकटा नंबर फारसं काही बिघडवत नाही. त्याच्यासोबत काय गेलं, यावर पुढचं सगळं ठरतं. ‘कार्डाचे तपशील गेलेले नाहीत’ हा कंपन्यांचा दिलासा म्हणूनच अर्धा असतो. कार्ड बदलता येतं. राहतं घर आणि जन्मतारीख बदलता येत नाही.

नंबर बदलून टाकावा, असं अनेकांच्या मनात येतं. हा उपाय बहुतेकदा रोगापेक्षा वाईट. सोडलेला नंबर कंपनी कायमचा पुरून टाकत नाही, किमान नव्वद दिवसांनंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मधल्या काळात एखादं डीमॅट खातं किंवा जुनी विमा पॉलिसी नव्या नंबराला जोडायची राहिली, तर तिचे ओटीपी कुणा परक्याच्या फोनवर वाजू लागतात.

त्यापेक्षा नंबराच्या हातातल्या किल्ल्या काढून घ्याव्यात. पहिली व्हॉट्सअॅपची. सेटिंग्जमध्ये `Account` आणि त्यात `Two-step verification` इथे सहा आकडी पिन ठेवला की कुणी ओटीपी उकळला तरी त्या पिनशिवाय खातं दुसऱ्या फोनवर सुरू होत नाही. दुसरी, आणि खरं तर सगळ्यात मोठी, ईमेलची. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अॅप किंवा पासकी लावली, तर सिम परक्याच्या हाती गेलं तरी ईमेल सहजी उघडत नाही.

सिम परक्याच्या हाती जाणं, म्हणजे सिम स्वॅप. फुटलेल्या माहितीचा हा सगळ्यात महागात पडणारा उपयोग. नाव, पत्ता, जन्मतारीख हाताशी असलेला माणूस ‘माझं सिम हरवलं’ म्हणत तुमच्याच नंबराचं नवं सिम काढायला बघतो. ते चालू झालं की तुमचं बंद. फोनच्या कोपऱ्यातल्या रेघा अचानक जातात आणि फोन बंद-चालू करूनही येत नाहीत. घरातल्या दुसऱ्याचा त्याच कंपनीचा फोन मात्र व्यवस्थित चालू असतो. ही खूण दिसली तर ‘टॉवर गेला असेल’ म्हणत संध्याकाळची वाट बघू नये. दुसऱ्या फोनवरून आधी मोबाईल कंपनीला, लगेच बँकेला, आणि पैसे गेले असतील तर 1930 या सायबर मदतक्रमांकावर फोन करावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात फिरवून काढून घेण्याआधी तो गोठवता यावा, यासाठीच 1930ची यंत्रणा आहे, त्यामुळे इथे मिनिटं मोजली जातात. लेखी तक्रार मागाहून cybercrime.gov.in वर करता येते. 1 जुलै 2024पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. तेवढ्यापुरती चोरांची एक वाट अडली आहे.

आणखी एक तपासणी बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्या नावावर परक्याने सिम घेतलंय का, हे केंद्र सरकारच्या संचार साथी या साइटवर दिसतं. sancharsaathi.gov.in वर आपल्या नावाची जोडणी बघण्याचा पर्याय निवडायचा, नंबर टाकायचा, आलेला ओटीपी भरायचा. ओटीपी टाकावा अशी ही जागा, पण पत्ता स्वतः टाइप करून गेलात तरच. आलेल्या लिंकवरून नव्हे. आपल्या नावावरचे सगळे नंबर समोर येतात. मुलीला कॉलेजसाठी घेऊन दिलेलं सिम आपलंच असतं, हे विसरून लोक तिथे दचकतात. नीट आठवून, खरोखर परका असेल त्याच नंबरासमोर ‘हा माझा नाही’ अशी नोंद करावी. घाईत लेकीचा फोन बंद पाडू नये.

उरतो तो येणारा फोन. नाशिकच्या सरांना एका दुपारी कुणी म्हणेल, “सर नमस्कार, गंगापूर रोडला राहता ना तुम्ही? तुमचं केवायसी आज संपतंय.” पत्ता बरोबर, नाव बरोबर, बोलणं अदबीचं. फुटलेली माहिती पैशात बदलते ती अशी. सरांनी वाद घालायचं कारण नाही. “बरं, मी बँकेत फोन करतो” म्हणून फोन ठेवायचा आणि पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेला नंबर लावायचा. बँका आणि विमा कंपन्यांच्या खऱ्या फोनसाठी आता 1600ने सुरू होणारी वेगळी मालिका दिलेली आहे. दहा आकडी साध्या मोबाईलवरून कुणी बँकेच्या नावाने बोलू लागला, तर पहिला संशय तिथेच घ्यावा. असा फोन आला पण पैसे गेले नाहीत, तरी संचार साथीवरच्या ‘चक्षू’ या विभागात तो नंबर कळवता येतो.

चोरी झाल्याचं कंपनीने स्वतःहून सांगायला नको का? 2023च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तशी सक्ती आहे, आणि न कळवल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंडही. त्याचे नियम 2025च्या नोव्हेंबरात जाहीर झाले, पण कळवण्याची ही जबाबदारी लागू व्हायला त्यांनी अठरा महिन्यांची मुदत ठेवली. तोवर हंटच्या साइटवर ईमेल नोंदवून ठेवण्याची सोय आहे. नवी यादी फुटली आणि तिच्यात तो पत्ता असला, तर तिकडून ईमेल येतो. पिझ्झावाल्याकडून येवो न येवो.