सरासरी पगार लाखावर, मग आपला का नाही?

दर वर्षी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये इथल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते: ऑस्ट्रेलियन माणसाचा सरासरी पगार किती झाला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती जरा जास्तच गाजली. ऑस्ट्रेलियन ब्युरो ऑफ स्टॅटिस्टिक्सने मे महिन्याचा आकडा दिला होता आठवड्याला १,९२३ डॉलर ४० सेंट. याला ५२ ने गुणा. उत्तर येतं १,००,०१६ डॉलर. वार्षिक सरासरीने लाखाचा उंबरठा ओलांडला आणि बातमीला मथळा मिळाला.

त्याच ब्युरोने त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्याचा आणखी एक आकडा दिला आहे. त्यानुसार नोकरदाराची आठवड्याची मध्यक कमाई १,३९६ डॉलर, म्हणजे वर्षाला ७२,५९२. एकच देश, एकच वर्ष आणि एकच सरकारी खातं, तरी दोन आकड्यांत सत्तावीस हजार डॉलरचं अंतर. यातला कुठलाच आकडा खोटा नाही. हे अंतर येतं कुठून, तेवढंच या लेखात पाहायचं आहे.

आधी शब्दांचं. सरासरी आपण लहानपणापासून काढत आलो: सगळ्यांची बेरीज करायची आणि डोकी मोजून भागायचं. मध्यक म्हणजे मीडियन. सगळ्यांना पगाराच्या चढत्या क्रमाने रांगेत उभं करायचं आणि बरोबर मधल्या माणसाचा पगार विचारायचा. (मराठी शाळेत शिकलेल्यांना आठवेल, पाठ्यपुस्तकात सरासरीला ‘मध्य’ आणि मीडियनला ‘मध्यक’ म्हणतात. एका ‘क’ने किती पिढ्यांचे मार्क घालवले असतील कोण जाणे. म्हणून मी ‘सरासरी’च म्हणतो.)

आता एक छोटी कंपनी कल्पनेने उभी करू. मालक धरून नऊ माणसं. पगार हजार डॉलरमध्ये असे: ५८, ६२, ६५, ६८, ७२, ७८, ८५, ९२ आणि मालकाचे ३२०. बेरीज ९००, भागिले नऊ, सरासरी बरोबर १०० हजार. रांगेतला पाचवा माणूस मधला, त्याचा पगार ७२ हजार. म्हणजे या कंपनीचा ‘सरासरी पगार एक लाख’ हे वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि नऊपैकी आठ जण त्या सरासरीच्या खाली आहेत. पुढच्या वर्षी मालकाने स्वतःचा पगार ३२० वरून ४१० केला आणि बाकी कुणाला एक डॉलरही वाढवला नाही असं समजा. बेरीज ९९०, सरासरी ११०. कंपनीत दहा टक्के पगारवाढ झाली, असं कागदावर सिद्ध झालं! मध्यक मात्र ७२ वरून हललेला नाही.

पगाराच्या बाबतीत असं नेहमीच होतं, कारण पगाराला खाली तळ असतो, वर छत नसतं. पूर्ण वेळ काम करणाऱ्याला किमान वेतनाच्या खाली फारसं जाता येत नाही, पण वरच्या टोकाला दहापट, वीसपट मिळवणारे असतात. ते थोडे असले तरी बेरजेत त्यांचं वजन मोठं. त्यामुळे सरासरी वर ओढली जाते आणि निम्म्याहून अधिक लोक तिच्या खाली राहतात.

इथवर बरेच जण पोचतात आणि म्हणतात, ‘हं, म्हणजे ते सत्तावीस हजार श्रीमंतांमुळे.’ इथेच थोडं थांबायला हवं, कारण हे पूर्ण खरं नाही. दोन्ही आकडे मोजताना रांगेत कोण उभं होतं ते पाहा. लाखाचा आकडा फक्त पूर्ण वेळ काम करणाऱ्या प्रौढांचा आहे, तोही ओव्हरटाइम वगळून. ७२ हजारांचा आकडा सगळ्या नोकरदारांचा आहे. त्यात कॉलेज सांभाळून सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणारी मुलं आहेत, आणि मुलं लहान आहेत म्हणून आठवड्यातून तीन दिवस जाणाऱ्या आयाही. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या दहांतले साधारण तिघे अर्धवेळ आहेत. ते रांगेत आले की रांगेचा मध्य खाली सरकणारच.

सुदैवाने ब्युरो फक्त पूर्ण वेळवाल्यांचा मध्यकही देतो. ऑगस्ट २०२४ मध्ये तो आठवड्याला १,७०० डॉलर होता, म्हणजे वर्षाला ८८,४००. आता अंतराचे दोन तुकडे करता येतात. लाखावरून ८८,४०० पर्यंत सुमारे साडेअकरा हजार, हा सरासरी आणि मध्यक यांतला फरक. ८८,४०० वरून ७२,५९२ पर्यंत जवळजवळ सोळा हजार, हा अर्धवेळ माणसं रांगेत घेतल्याचा परिणाम. म्हणजे मोठा तुकडा ‘कसं मोजलं’ याचा नाही, ‘कोणाला मोजलं’ याचा आहे. तुकडे ढोबळ आहेत हे खरं. दोन पाहण्या वेगळ्या आहेत, महिने वेगळे आहेत, आणि ओव्हरटाइमचा हिशोबही दोन्हींत सारखा नाही. पण कल्पना यायला पुरेसे आहेत.

तुम्ही विचाराल, मग ब्युरो त्या लाखाच्या आकड्याबरोबरच त्याचा मध्यक का देत नाही? कारण साधं आहे. ती पाहणी मालकांकडून होते. कंपनीला विचारलं जातं, तुमच्याकडे माणसं किती आणि एकूण पगार किती दिला. एवढ्यावर भागाकार होतो, सरासरी निघते. पण रांग लावायची तर प्रत्येकाचा पगार वेगळा हवा, आणि तो त्या फॉर्मवर नसतो. मध्यक येतो दुसऱ्या पाहणीतून, जिथे घरोघरी विचारतात. तिथे माणसं पगार गोल करून सांगतात. कोणी ‘आठवड्याला १,६८७ डॉलर’ म्हणत नाही, ‘सतराशे’ म्हणतो. शिवाय घरातलं एकच मोठं माणूस सगळ्यांच्या वतीने उत्तर देऊ शकतं. बायकोला नवऱ्याचा पगार माहीत असतोच असं मी धरून चालतो, उलट बाजूची खात्री देत नाही. त्यामुळे मध्यक बऱ्याचदा १,३००, १,७०० अशा गोल आकड्यावर येऊन बसतो, आणि एका वर्षात तो एकदम उडी मारतो तेव्हा सगळी उडी खऱ्या पगारवाढीची नसते.

हे सगळं आपल्या घरात कुठे लागतं? ओळखीतला एक तरुण, इथे येऊन चार वर्षं झालेला, मला म्हणाला, “काका, मला नव्वद मिळतात. इतकी वर्षं घासून मी अजून ऍव्हरेजच्या खालीच आहे.” चेहऱ्यावर खंत होती, आणि चांगली चाललेली नोकरी सोडायचा विचारही. त्याला मी वरचे तीन आकडे लिहून दाखवले. तो पूर्ण वेळ काम करतो, तर त्याने स्वतःला ८८,४०० शी ताडायचं. म्हणजे तो रांगेच्या मध्याच्या किंचित पुढे उभा आहे. त्याला सरासरीच्या खाली ठेवणारा त्याचा पगार नाही, दुसऱ्या कुणाचा तरी आहे. अर्थात देशभराच्या रांगेत सर्जनही असतात आणि सफाई कामगारही. नोकरी बदलायची की नाही हे त्याने आपल्या व्यवसायातल्या, आपल्याएवढा अनुभव असलेल्यांची रांग पाहून ठरवावं.

दुसरी गोष्ट त्याला दाखवावी लागली ती सुपरची. नवीन नोकरीच्या जाहिरातीत ‘एक लाखाचं पॅकेज’ होतं, आणि पॅकेज म्हटलं की त्यात मालकाने भरायचं सुपर बहुधा धरलेलं असतं. जुलै २०२५ पासून ते १२ टक्के आहे. एक लाखाला १.१२ ने भागा, पगार निघतो ८९,२८६. ब्युरोच्या पगाराच्या आकड्यांत मालकाचं सुपर नसतं. म्हणजे हे लाखाचं पॅकेज त्याच्या आजच्या नव्वदपेक्षा सातशे डॉलरने कमीच होतं.

आता मध्यकाचीही बाजू पाहू, नाहीतर तो देवच वाटायला लागेल. आपल्या कंपनीत ५८ हजारवाल्याचे तास कापले आणि त्याचा पगार ४० वर आला, तरी मध्यक ७२ च राहतो. मालकाची उधळण त्याला दिसत नाही, तशीच तळच्या माणसाची ओढाताणही दिसत नाही. त्याहून फसवी गोष्ट अशी: मंदी आली आणि सर्वांत कमी पगाराच्या दोघांना काढून टाकलं. उरले सात. बेरीज ७८०, सरासरी १११ हजारांवर. मध्यक? आता मधला माणूस चौथा, ७८ हजारवाला. कुणाचाही पगार वाढला नाही, दोघांची चूल थंड झाली, आणि दोन्ही आकडे वर गेले. हे पुस्तकी उदाहरण नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत, मे २०२० मध्ये, ऑस्ट्रेलियाचा सरासरी पगार चांगलाच वाढलेला दिसला होता. हॉटेलं, दुकानं बंद पडून कमी पगाराची माणसं मोजणीतूनच बाहेर गेली होती, हे ब्युरोने तेव्हा स्वतः सांगितलं. म्हणून संकटाच्या काळात पगाराचा कुठलाही आकडा वाचताना आधी नोकऱ्यांची संख्या पाहावी.

आणि सरासरी टाकाऊ मुळीच नाही. जिथे एकूण रक्कम हवी, तिथे तीच लागते. त्या कंपनीच्या हिशोबनिसाने पगारांची तरतूद मध्यकावरून केली तर ७२ गुणिले नऊ, ६४८ हजार होतील, आणि वर्ष संपायच्या आत खातं कोरडं पडेल. खरा खर्च ९०० हजार आहे, आणि तो सरासरीलाच माहीत आहे.

आमच्या वयाच्या मंडळींना तर सरासरीचा थेट फायदा होतो. एज पेन्शनचा दर २० मार्चला आणि २० सप्टेंबरला महागाईप्रमाणे वाढतो. पण जोडप्याचं मिळून पेन्शन पुरुषांच्या सरासरी एकूण साप्ताहिक कमाईच्या ४१.७६ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, अशी कायद्यात तळरेषा आहे. इथे कायद्याने सरासरी धरली आहे, मध्यक नाही. म्हणजे एखाद्या बड्या पगारदाराला भरघोस वाढ मिळाली, की ज्या सरासरीवरून आमचा तो तरुण खंतावला, तिच्या वाढीचा एक बारीकसा अंश मार्च-सप्टेंबरमध्ये पेन्शनरांच्या खात्याकडेही सरकू शकतो.