बेरीज जुळते, तरी तीनशे वीस रुपये कुठे गेले?

नमुन्यादाखल एक पगार स्लिप घेऊ. चाकणच्या एखाद्या कारखान्यात पॅकिंगला असलेल्या बाईंची, डिसेंबर २०२४ ची. मूळ कागद हातभर लांब आणि दोन बोटं रुंद. त्याची घडी झालेली, शाई फिकी पडलेली. बाईंनी घरी येऊन मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि कॉमर्स शिकणाऱ्या भाचीला पाठवला. खाली निरोप एवढाच : ‘ग्रॉस १९,४५० म्हणतात आणि बँकेत १६,१५९ आले. बघ बरं.’

भाचीने आधी बेरीज केली तर चूक सापडणारच नाही. एकूण कपात ३,२९१, ती १९,४५० मधून वजा केली की बरोबर १६,१५९ उरतात, आणि बँकेचा मेसेजही तेच सांगतो. पण बेरीज जुळली याचा अर्थ संगणकाने बेरीज बरोबर केली, एवढाच. बेरजेत घातलेला प्रत्येक आकडा बरोबर होता की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी छापलेली कपात बाजूला ठेवून ती आपण नव्याने काढावी लागते. ती कोणत्या रकमेवर, किती टक्के आणि कोणत्या नियमाने निघते हे पाहून मगच स्लिपमधल्या आकड्याशी ताडायची.

त्याआधी फोटो नीट वाचायला हवा. तिरक्या फोटोत ओळी सरकतात आणि पीएफसमोरचा आकडा ईएसआयचा वाटू लागतो. घडीवर आलेला आकडा अर्धाच दिसतो. या स्लिपमध्ये कँटीनची कपात तशीच घडीत सापडली आहे. ती ३६० की ३९०, ते कळत नाही. बाकीच्या कपाती ३,२९१ मधून वजा केल्या की ३६० उरतात. मात्र इथेच थांबू नये. धूसर आकडा बेरजेवरूनच ठरवला, तर बेरीज जुळणारच, मग त्या जुळण्याला पुराव्याची किंमत राहत नाही. दुसरी साक्ष लागते, आणि ती हजेरीत आहे. हजर दिवस २४, जेवणाचे रोज १५ रुपये, म्हणजे ३६०. आता तो आकडा पक्का.

हजेरी सगळ्यात आधी वाचावी ती याच कारणाने. बाईंचा महिना २६ दिवसांचा धरलेला आहे आणि दोन खाडे आहेत. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून पूर्ण महिन्याचे १३,०००. ते २६ ने भागून २४ ने गुणले की १२,००० होतात. त्याच हिशेबाने घरभाडे भत्ता २,६०० चा २,४०० आणि विशेष भत्ता ३,९०० चा ३,६००. वर ओव्हरटाइमचे १,४५०. चारही मिळून १९,४५०. ग्रॉस बरोबर आहे.

कपातींपैकी ईएसआय सर्वांत सोपा. जुलै २०१९ पासून कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का आहे. २१,००० च्या मर्यादेत कामगार बसतो का हे ठरवताना ओव्हरटाइम धरत नाहीत, पण वर्गणी कापताना धरतात. १९,४५० चा पाऊण टक्का १४५ रुपये ८८ पैसे होतो आणि पैसे आले की पुढचा पूर्ण रुपया घेतात. म्हणून १४६. स्लिपवरही १४६. कामगार कल्याण निधीचे २५ रुपयेही योग्य. महाराष्ट्रात ते वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या पगारातून जातात. तेच २५ रुपये ऑक्टोबरच्या स्लिपवर दिसले असते, तर विचारायला हवं होतं.

पीएफला मात्र अडखळायला होतं. स्लिप म्हणते १,५६०. दर बारा टक्के. अशा वेळी उलटा भागाकार उपयोगी पडतो. १,५६० ला ०.१२ ने भागलं की १३,००० येतात. हा आकडा ओळखीचा आहे. पूर्ण महिन्याचा बेसिक आणि महागाई भत्ता तो हाच. म्हणजे पगार देताना दोन खाडे वजा झाले, पण पीएफ कापताना ते वजा करायचे राहिले. १२,००० वर १,४४० व्हायला हवे होते, १२० जास्त गेले.

हे १२० बुडाले असं लगेच म्हणू नये. ते बाईंच्या पीएफ खात्यात जमा झाले असतील, तर ते त्यांचेच आहेत. म्हणून पासबुक उघडून त्या महिन्याचा कामगाराचा हिस्सा पाहायचा. तिथे १,५६० असतील तर ही हिशेबातली चूक. १,४४० असतील तर प्रकरण गंभीर, कारण पगारातून कापलेले पैसे खात्यात पोचलेले नाहीत. स्लिपचा फोटो कितीही स्पष्ट असला, तरी हे त्यात दिसत नाही.

याच ओळीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सरसकट सगळ्यांना दरमहा मिळणारा विशेष भत्ता पीएफसाठी बेसिकमध्येच धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितलं. बाईंचा ३,६०० चा भत्ता तसा असेल, तर रक्कम १५,६०० होते. पीएफची सक्तीची मर्यादा १५,००० ची, म्हणून कपात १,८०० येईल. हातात पडणारा पगार कमी होईल, पण मालकाचा हिस्साही वाढेल. तो भत्ता सगळ्यांना मिळतो की हजेरी किंवा जादा उत्पादन पाहून दिला जातो, ते कारखान्यातल्या माणसालाच ठाऊक. म्हणून भाचीने इथे निकाल देऊ नये, प्रश्न लिहून ठेवावा.

आता व्यवसाय कर, स्लिपवरचा ‘पीटी २००’. दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाला महाराष्ट्रात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० पडतात. वर्षाचे २,५००. ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की २०० चा आकडा पाहून कुणी थबकत नाही. पण १ एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. बाईंचा पगार १९,४५०. त्यांचा कर शून्य, आणि हे २०० रुपये त्यांच्या कुठल्याही खात्यात जमा होत नाहीत. पगाराच्या संगणकात जुना दर राहिला, किंवा नोंदीत स्त्रीऐवजी पुरुष पडलं, की दरमहा हीच चूक होत राहते.

उरली १,००० ची उचल. तिला टक्का नाही, नियम नाही. किती घेतली, किती फिटली, याची वही घरी असेल तरच ती तपासता येते. आयकराचा इथे प्रश्न येत नाही, वर्षाचा पगार अडीच लाखांच्याही आतच राहतो.

नव्याने मांडलं तर बेसिक आणि महागाई भत्त्यावरचा पीएफ १,४४०, ईएसआय १४६, कल्याण निधी २५, कँटीन ३६०, उचल १,०००. एकूण २,९७१. हातात १६,४७९ यायला हवे होते, आले १६,१५९. फरक ३२० चा. त्यातले १२० कदाचित पीएफ खात्यात आहेत आणि २०० विनाकारण गेले.

बाईंनी पगार विभागाकडे जाताना ‘पगार कमी आला’ असं मोघम सांगू नये. कागदावर दोन ओळी लिहून न्याव्यात : महिलांना सूट असताना पीटी २०० का कापला, आणि १२,००० कमावलेले असताना पीएफ १३,००० वर का धरला. जुन्या स्लिपांचे फोटोही सोबत न्यावेत. एप्रिल २०२३ पासून दरमहा असाच कर कापला गेला असेल आणि पगार कधीच २५,००० च्या वर गेला नसेल, तर डिसेंबर २०२४ पर्यंत २१ महिन्यांचे, फेब्रुवारीचे जादा १०० धरून, ४,३०० रुपये त्यांनी परत मागायला हवेत.