दिसेल असं घर (भाग 9) : पट्टी नेमकी काठावर

या आठवड्यात न्हाणीघराचं कबूल केलं होतं, ते तूर्त राहू द्या. ठाण्याच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि त्यातल्या कोड्यानं मला दुसरं काही सुचू दिलं नाही. त्यांच्या सासूबाई 78 वर्षांच्या. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काचबिंदूचे थेंब चालू, पण तक्त्यावरची 6/9 ची ओळ त्या न चुकता वाचतात. घर दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. जिन्यात त्या अडखळायला लागल्या तेव्हा सोसायटीच्या कमिटीनं मोठ्या मनानं पायऱ्यांवर पिवळ्या पट्ट्या मारून दिल्या. ‘पट्ट्या मारल्यापासून त्या जास्तच चुकतात,’ बाई लिहितात, ‘आणि डॉक्टर म्हणतात नजर चांगली आहे. हे कसं?’

डॉक्टरांचं खरंच आहे, पण अर्धं. भिंतीवरच्या तक्त्यावर अक्षरं लहान लहान होत जातात, काळी मात्र शेवटपर्यंत कुळकुळीत काळी राहतात, तीही पांढऱ्याशुभ्र पाटीवर. जिन्यात असं काही नसतं. तिथं करड्या फरशीपुढे करडीच फरशी, मध्ये सात इंचांची खोली. म्हणजे प्रश्न बारीक दिसतं का हा नसून फिकं दिसतं का हा आहे. ते मोजायला वेगळा तक्ता आहे. डेनिस पेली आणि जॉन रॉबसन यांनी तो 1988 साली प्रसिद्ध केला. त्यातली अक्षरं सगळी सारख्याच आकाराची, चांगली मोठी असतात, पण तीन-तीनच्या गटांनी फिकट होत होत शेवटी कागदात विरून जातात. काचबिंदू असलेला माणूस 6/9 वाचूनही या तक्त्यावर अर्ध्यात थांबू शकतो. पुढच्या तपासणीला ‘कॉन्ट्रास्ट तपासता का?’ एवढं जरूर विचारा.

पट्टीचं कोडं मात्र जिना बघितल्याशिवाय सुटणारं नव्हतं, म्हणून जाऊन पाहून आलो. पॉलिश केलेला कोटा, एका टप्प्यात दहा उतार, मग लँडिंग, मग पुन्हा दहा. पिवळा रंग चांगला ठसठशीत होता. पण पायरीची कोर हाफ-राउंड, म्हणजे अर्धगोल घडवलेली. रंगाऱ्यानं सरळ रेघ यावी म्हणून गोलाई जिथं संपते तिथून आणखी थोडं मागे मास्किंग टेप लावली होती. परिणामी पट्टी सुबक आली खरी, पण काठापासून दीड इंच आत.

उतरणारा माणूस काय बघतो याचा विचार करा. त्याला पायऱ्यांचे उभे भाग दिसतच नाहीत, फक्त सपाट भाग एकामागे एक दिसतात. पट्टीची पुढची कड हीच त्याला पायरीची कड वाटते आणि पाऊल त्या हिशोबानं खाली येतं. पट्टी दीड इंच आत असेल तर खरी पायरी त्याच्या अंदाजापेक्षा दीड इंच पुढे आलेली असते. मग वरून खाली येणारी टाच त्या काठाला घासते. ब्रॅडफर्ड विद्यापीठात वयस्कर माणसांना जिना उतरायला लावून हेच मोजलं होतं. तिथल्या संशोधकांचा शोधनिबंध 2014 चा. अगदी काठाला लागून असलेल्या पट्टीनं पाऊल जास्त नेमकं पडलं, आणि पट्टी 30 मिलिमीटर मागे सरकवली की टाच आणि काठ यांच्यातली जागा कमी झाली. ठाण्याची पट्टी त्याहूनही मागे होती. सासूबाई जास्त चुकत होत्या कारण त्या पट्टीवर विश्वास ठेवत होत्या.

दुसरी चूक मला जास्त आवडली, कारण ती हिशोबात बरोबर बसत होती. कमिटीनं दहा पट्ट्या मोजून मारल्या होत्या, टप्प्यात उतारही दहाच. मग बिघडलं कुठं? दोन लँडिंगच्या मध्ये दहा उतार असतील तर मधल्या पायऱ्या नऊ होतात. दहावी कड असते वरच्या लँडिंगची. तिला कोणी पायरी म्हणत नाही, ती ‘जमीन’ असते, म्हणून ती कोरी सोडली होती. आणि दहावी पट्टी कुठं गेली? खालच्या लँडिंगवर, शेवटच्या पायरीच्या पायाशी, शोभेला. म्हणजे वर पहिला उतार बिनपट्टीचा, आणि खाली सपाट जमिनीवर पट्टी, जी बघून माणूस नसलेली पायरी उतरायला पाय पुढे टाकतो आणि गुडघ्याला हिसका बसतो. जिन्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीवरच माणसं जास्त फसतात, आणि इथं नेमक्या त्याच दोन ठिकाणी उलटं काम झालं होतं. नियम सोपा: जिथून पाय खाली जातो ती प्रत्येक कड रंगवायची, जिथं पाय टेकून सरळ चालायचं आहे तिथं काही नाही.

आता रंग. कमिटीतल्या एका काकांचं म्हणणं होतं की पिवळा गेला खड्ड्यात, लाल मारू, लाल म्हणजे धोका. मी त्यांना त्यांच्याच मोबाइलवर एक गंमत दाखवली. वॉचमनच्या केबिनबाहेरची लाल बादली कोट्याच्या पायरीवर ठेवून फोटो काढला आणि तो ब्लॅक अँड व्हाइट केला. बादली आणि पायरी जवळजवळ एकाच करड्या रंगाची! डोळे कमजोर होतात तेव्हा रंगाचं वेगळेपण फारसं कामाला येत नाही, उजळ-गडदपणातला फरक कामाला येतो. तो मोजायचं एक माप आहे, एलआरव्ही: पृष्ठभाग पडलेल्या उजेडापैकी किती परत फेकतो त्याचा आकडा. काळ्याकडे 0, पांढऱ्याकडे 100. ब्रिटिश मानकात कड आणि पायरी यांच्यात 30 गुणांचा तरी फरक मागतात. रंगांच्या काही शेडकार्डांवर हा आकडा छापलेला सापडतो, नाहीतर ब्लॅक अँड व्हाइट फोटो घरगुती कामाला पुरे. फोटोत पट्टी शोधावी लागली तर रंग चुकला.

याच कारणासाठी ‘पिवळी पट्टी सुरक्षित’ हा समज मला खटकतो. कोटा आणि कडप्प्यावर पिवळा किंवा पांढरा उत्तम. पण पांढऱ्या संगमरवरावर किंवा क्रीम रंगाच्या टाइल्सवर पिवळा मारला तर पिवळाही उजळ आणि फरशीही उजळ. तिथं गडद तपकिरी किंवा काळा हवा.

ठाण्याचा जिना इतक्यावर सुटला असता, पण बाईंनी जाता जाता सांगितलं, ‘सकाळी देवळात जाताना ठीक असतं हो, संध्याकाळी बागेत जायला निघतात तेव्हाच गडबड होते.’ म्हणून पाचपर्यंत थांबलो. लँडिंगला पश्चिमेकडे तोंड असलेली सिमेंटची जाळी आहे, आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इमारतींत असते तशी. पाचच्या सुमाराला त्या जाळीतून ऊन आत आलं आणि सगळ्या पायऱ्यांवर तिरपे उजळ पट्टे पडले. काही पिवळ्या पट्ट्यांपेक्षाही ठळक! कोणता पट्टा पायरीचा आणि कोणता उन्हाचा हे मलाही दोन क्षण कळेना. शिवाय उतरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती जाळी लखलखत असते, आणि तिच्याखालची पायरी त्या तिरिपीमुळे काळीठिक्कर वाटते. जाळी बुजवू नका, हवा जाईल. आतून दुधी पॉलिकार्बोनेटचा पत्रा लावा, वर चार इंच मोकळे सोडा. ऊन पसरून येतं, पट्टे पडत नाहीत.

रात्रीचा दिवाही असाच समोर होता: लँडिंगच्या भिंतीवर उघडी ट्यूब, उतरणाऱ्याच्या बरोबर नजरेत. ती काढून पाठीमागे लावली तर माणसाची स्वतःचीच सावली पुढच्या पायरीवर पडते, तेही नको. चांगली जागा म्हणजे वरच्या जिन्याचं पोट, जिन्याच्या उताराला समांतर. तिथं दुधी झाकणाची एलईडी पट्टी लावली की उजेड सगळ्या पायऱ्यांवर सारखा येतो आणि सावली पायाखालीच राहते. पायरीपाशी 100 लक्स हे कमीत कमी, वयस्करांसाठी 200 बरे. पोटाला पांढरा चुना मारला तर तोच दिवा जास्त उजेड देतो. बटण मात्र टू-वे हवं, वर एक आणि खाली एक.

रेडियमची पट्टी चालेल का, हे तीन वाचकांनी आधी विचारलं आहे. नंबरप्लेटच्या दुकानात मिळणारी चमकती पट्टी उजेड जिथून आला तिकडेच परत फेकते. गाडीचा दिवा आणि चालकाचे डोळे जवळजवळ एकाच दिशेला असतात, म्हणून रस्त्यावर ती झळकते. जिन्यातला दिवा छताला, डोळे भलतीकडे. तिथं ती करडीच दिसते. अंधारात हिरवट उजळणारी दुसरी पट्टी वीज गेल्यावर थोडा वेळ काठ दाखवते, पाय ठेवायची जागा दाखवत नाही. दिव्याऐवजी तिच्यावर पैसे घालू नयेत.

रंगकाम असं करायला सांगितलं आहे. गोल कोर आधी पॉलिश पेपरनं घासून खरखरीत करायची, थिनरनं पुसायची. मग दोन भागांचा इपॉक्सी रंग कोरेच्या अगदी टोकापासून मागे 50 मिलिमीटर आणि समोरून खाली 30 मिलिमीटर, म्हणजे चढतानाही दिसेल. ओला असतानाच चाळलेली बारीक वाळू भुरभुरायची, नाहीतर पावसाळ्यात ओल्या चपलेला हाच रंग घसरगुंडी होईल. नुसता ऑइलपेंट वर्दळीत टिकत नाही आणि अर्धवट उडालेली पट्टी पुन्हा खोटा काठ दाखवते. पहिल्या दिवशी भिंतीकडची अर्धी रुंदी, ती पक्की वाळल्यावर कठड्याकडची, म्हणजे जिना बंद पडत नाही. जुनी पिवळी पट्टी घासून पूर्ण काढायची. दोन पट्ट्या राहिल्या तर आगीतून फुफाट्यात.

एक गोष्ट रंगानं सुटणार नाही. सासूबाईंचा चष्मा बायफोकल आहे. खाली बघताना नजर चष्म्याच्या खालच्या भागातून जाते. तो भाग हातातल्या पोथीसाठी, हातभर अंतरासाठी बनवलेला, पायरी त्याच्या तिप्पट लांब. कड कितीही ठसठशीत असली तरी तिथून धूसरच दिसणार. हनुवटी छातीला लावून वरच्या भागातून बघायची सवय करा, नाहीतर बाहेर जाण्यासाठी फक्त लांबचा, एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. नंबर बदलून घेतल्यावर पहिला आठवडाभर कोणीतरी बरोबर उतरा.

न्हाणीघर पुढच्या शनिवारी. तोवर आपल्या जिन्याचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो सकाळी आणि एक संध्याकाळी पाचला, वरून खाली बघत काढा, आणि लँडिंगची कड कोरी राहिली असेल तर कमिटीला आजच सांगा.