आजची फेरी चुकवावी की थांबवावी?

जून 2012 मध्ये ब्रिटनच्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात खात्यांचे हिशेब अडकले. दिवसभराचे व्यवहार रात्री खात्यांवर चढवणारी कामं कोणत्या क्रमानं आणि केव्हा सुरू करायची, हे एक सॉफ्टवेअर ठरवत असे. त्याची नवी आवृत्ती बसवली, बिघाड दिसला म्हणून ती काढली आणि त्या काढण्यातच रात्रीच्या कामांची साखळी विस्कटली. ब्रिटनमधल्या 65 लाखांहून अधिक ग्राहकांना त्याची झळ बसली. घरकर्जाचे हप्ते वेळेत जाईनात, परदेशात गेलेल्यांना पैसे मिळेनात. समूहातल्या नॅटवेस्ट आणि आरबीएस या बँकांची बहुतेक कामं 26 जूनपर्यंत रुळावर आली, पण अल्स्टर बँकेला 10 जुलै उजाडला. 2014 मध्ये दोन नियामकांनी मिळून समूहाला 5.6 कोटी पौंडांचा दंड केला.

बिघडलेल्या रात्री सरळ सोडून देऊन बँकेला पुढच्या रात्रीपासून नव्यानं सुरुवात का करता आली नसती? कारण बुधवारची शिल्लक मंगळवारच्या शिलकेवर उभी असते. मधली एक रात्र गाळली तर पुढचा प्रत्येक आकडा खोटा ठरतो. याउलट, एखाद्या संकेतस्थळावर दर दहा मिनिटांनी ताजं तापमान दाखवणाऱ्या कामाची एक फेरी हुकली, तर पुढची फेरी ती उणीव आपोआप पुसून टाकते. ठरल्या वेळी आपोआप चालणारी बहुतेक कामं या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी असतात, आणि मागच्या फेरीची माहिती अपुरी असताना पुढची फेरी चालवायची का, हा प्रश्न तिथंच अवघड होतो.

नमुन्यादाखल 240 संकलन केंद्रं असलेला एक काल्पनिक दूध संघ घेऊ. प्रत्येक केंद्रावर उत्पादकाचं दूध, फॅट आणि एसएनएफ यांची नोंद होते. मुख्य कार्यालयातलं एक काम दर पंधरा मिनिटांनी या नोंदी ओढून आणतं आणि उत्पादकांच्या खात्यांवर चढवतं. एरवी त्याला चार मिनिटं पुरतात. एका सकाळी इंटरनेट रखडतं आणि सहाची फेरी सव्वासहालाही संपलेली नसते.

युनिक्समधला क्रॉन हा जुना वेळापाल मागची फेरी संपली का, हे पाहत नाही. वेळ झाली की तो काम सुरू करतो. मग दोन्ही फेऱ्या त्याच ‘न चढवलेल्या’ नोंदी उचलतात आणि एखाद्या उत्पादकाच्या नावावर 18 लिटरऐवजी 36 लिटर दूध लागतं. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे कुलूप:

```
*/15 * * * * flock -n /var/lock/dudh.lock /opt/dudh/import.sh
```

यातल्या `-n` चा अर्थ असा, की कुलूप आधीच कुणाकडे असेल तर थांबायचं नाही, लगेच परतायचं. सव्वासहाची फेरी चुकते आणि साडेसहाची फेरी साचलेलं सगळं उचलते. इथं चुकवणंच योग्य आहे, कारण हे काम ‘गेल्या पंधरा मिनिटांच्या नोंदी’ मागत नाही, ‘अजून न चढवलेल्या सगळ्या नोंदी’ मागतं. म्हणून मागे राहिलेलं पुढच्या फेरीत भरून निघतं.

पण कुलपाला एवढंच कळतं, की मागची फेरी अजून चालू आहे का. ती पुरी झाली का, हे त्याला कळत नाही. सहाची फेरी निम्म्या नोंदी चढवून सहा वाजून नऊ मिनिटांनी कोसळली, तर प्रक्रिया मरताच कुलूप आपोआप सुटतं. सव्वासहाला सगळं मोकळं दिसतं आणि खात्यांत मात्र अर्धवट माहिती पडलेली असते. म्हणून पूर्णतेची खूण वेगळी ठेवावी लागते, आणि ती सर्वात शेवटी उमटावी लागते. हडूप या प्रणालीत काम यशस्वी झाल्यावर निकालाच्या फोल्डरमध्ये `_SUCCESS` नावाची रिकामी फाइल तयार होते. तिच्यात एक अक्षरही नसतं, तिचं असणं हीच माहिती. पुढचं काम ती फाइल शोधतं आणि नसेल तर निकालाला हात लावत नाही.

हीसुद्धा खूण एवढंच सांगते, की आलेल्या माहितीवरचं काम पुरं झालं. जे आलंच नाही, त्याबद्दल ती गप्प असते. रात्री अकराला दूध संघाचं हिशेबाचं काम सुरू होतं तेव्हा 240 पैकी 233 केंद्रांच्याच नोंदी आलेल्या आहेत. किती केंद्रांकडून नोंद अपेक्षित आहे याची यादी संगणकाकडे असली, तरच ही सातची तूट दिसते. यादी नसेल, तर 233 हाच पूर्ण आकडा समजून काम बिनबोभाट पार पडतं. त्या सात गावांत त्या दिवशी दूधच घातलं गेलं नसेल, तर ‘शून्य लिटर’ अशी नोंद यायला हवी. शून्य आणि काहीच न येणं यांत फरक केला नाही, तर पुढचा कोणताही निर्णय धड होत नाही.

आता चालवायचं की चुकवायचं? उद्या किती टँकर लागतील याचा अंदाज 233 केंद्रांवरूनही बांधता येतो. ते काम चालवावं आणि अहवालावर ‘सात केंद्रं बाकी’ असं ठळक लिहावं. उत्पादकाच्या दहा दिवसांच्या बिलाची गोष्ट वेगळी आहे. तिथं फेरी चुकवण्याआधी कामातली एक ओळ वाचावी लागते: ते काम कोणत्या तारखेची माहिती मागतं? ‘कालची तारीख’ असं लिहिलं असेल आणि 14 तारखेचा हिशेब करणारी फेरी चुकली, तर पुढच्या रात्रीची फेरी 15 तारीख घेईल आणि 14 तारखेचं दूध कुणीच मोजणार नाही. ‘शेवटच्या पूर्ण झालेल्या तारखेनंतरचं सगळं’ असं लिहिलं असेल, तर चुकवणं सुरक्षित आहे. पहिल्या प्रकारात फेरी चुकवायची नसते, थांबवायची असते, म्हणजे 14 तारखेचं काम प्रलंबित ठेवायचं आणि ते होईपर्यंत 15 तारखेचं सुरू करायचं नाही.

चुकवणं आणि थांबवणं यांतला हा भेद अनुभवी माणसांच्याही हातून निसटतो. एअरफ्लो या लोकप्रिय साधनात `depends_on_past` अशी सोय आहे. ती लावली की मागची फेरी यशस्वी झाल्याशिवाय पुढची चालत नाही, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मागची फेरी ‘यशस्वी झाली किंवा चुकवली गेली’ तर पुढची चालते. म्हणजे अपुऱ्या माहितीमुळे एखाद्या दिवसाच्या हिशेबाला ‘चुकवलं’ असा शेरा मिळाला, तर दुसऱ्या दिवशीचं काम त्या खड्ड्यावरून बिनधास्त पुढे जातं. साखळी खरोखर अडवायची असेल, तर त्या कामाला नापासच करावं लागतं.

फेरी चुकवण्याचा आणखी एक धोका असतो. कुलूप धरून बसलेलं काम मेलं नाही, पण एखाद्या उत्तराची वाट पाहत कायमचं अडकलं, तर पुढची प्रत्येक फेरी नियमानुसार मुकाट परतते. वरची `flock` ची ओळ तेव्हा एक अक्षरही छापत नाही, त्यामुळे चूक झाल्याची नोंदही कुठं दिसत नाही. म्हणून इशारा बिघाडावर लावून भागत नाही. शेवटची पूर्ण फेरी होऊन किती वेळ गेला, यावर तो लावावा. पंधरा मिनिटांच्या कामासाठी एक तास उलटला, की कुणाच्या तरी फोनवर संदेश जायला हवा. शिवाय कामालाच कमाल वेळ ठरवून द्यावी, म्हणजे अडकलेली फेरी बंद पडेल आणि कुलूप सुटेल.

थांबण्यालाही मर्यादा असते. सात केंद्रांपायी 233 केंद्रांच्या उत्पादकांचं बिल किती दिवस रोखायचं, हे संगणकाला ठरवता येत नाही. ते संघाच्या लेखा विभागानं आधीच ठरवून लिहून ठेवायचं असतं. उदाहरणार्थ, बिलाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत वाट पाहायची, त्यानंतर आलेल्या केंद्रांचं बिल काढायचं. उरलेल्या सातांची नावं नोंदवून त्यांची बिलं नोंदी येताच स्वतंत्र काढायची, आणि एखाद्या केंद्राच्या काही दिवसांच्याच नोंदी राहिल्या असतील, तर ती रक्कम पुढच्या बिलात ‘मागील फरक’ या रकान्यात तारखेसह दाखवायची.