कुठल्या पोस्टनं गिऱ्हाईक दुकानात आणलं?

आज आपण हिशेबाबद्दल बोलणार आहोत, पण बचतीच्या किंवा कर्जाच्या हिशेबाबद्दल नाही. गटाचा माल मोबाइलवर दाखवला आणि दुकानात विक्री झाली, तर त्या दोन्हींचा खरोखर संबंध आहे का, हे कसं ओळखायचं, याबद्दल बोलू.

आमच्या भागात बऱ्याच गटांनी तालुक्याच्या गावी गाळा घेतला आहे. तिथं काळा मसाला, कुरडया, सांडगे, पापड विकायला असतात. गटातली एखादी मुलगी किंवा सून फोटो काढते, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावते, फेसबुकवर टाकते, कधी इन्स्टाग्रामवर रील करते. मग महिन्याच्या बैठकीत दोन तट पडतात. एक म्हणते, "दोनशे जणींनी लाईक केलंय, म्हणून तर माल खपला." दुसरी म्हणते, "लाईकनं काय चूल पेटते? बाजाराचा दिवस होता म्हणून खपला." आणि फेसबुकवर पैसे भरून जाहिरात करायची का, त्या मुलीला तिच्या वेळेचा मोबदला द्यायचा का, हे प्रश्न तसेच राहतात. पैसे सगळ्यांच्या शिलकीतून जाणार असतात. म्हणून वादापेक्षा वहीनं उत्तर दिलेलं बरं.

यावरचा उपाय जुना आहे. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स नावाच्या जाहिरातकारानं १९२३ साली आपल्या पुस्तकात हीच रीत सांगितली. प्रत्येक जाहिरातीत एक कूपन छापायचं आणि त्यावर वेगळी खूण ठेवायची. कूपन परत आलं की ते कुठल्या जाहिरातीतून आलं, ते खुणेवरून कळतं. आपल्याला कागदाचं कूपन नको. आपण शब्द वापरू.

प्रत्येक पोस्टला एक शब्द द्यायचा. दुकानात येऊन तो शब्द सांगेल तिला छोटी भेट मिळेल, असं पोस्टमध्येच लिहायचं. शब्द तोंडानं सांगता येईल असा हवा. इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून केलेला कोड गल्ल्यापाशी कुणाला आठवत नाही. आम्ही जातं, पाटा, उखळ, सूप अशी घरातली नावं सुचवतो. ती लक्षात राहतात आणि ऐकताना एकमेकींत मिसळत नाहीत. पापड आणि पापडी असे जवळजवळचे शब्द घेऊ नका.

भेट सगळ्या शब्दांना सारखीच ठेवा. उदाहरणार्थ, २५ ग्रॅम लसणाच्या चटणीची पुडी, जी गटाला ८ रुपयांना पडते. एका शब्दाला पुडी आणि दुसऱ्याला दहा टक्के सूट दिली, तर गिऱ्हाईक पोस्ट पाहून आलं की सूट पाहून, ते सांगता येत नाही. शेवटची तारीखही लिहा. पंधरा दिवस पुरे होतात. मुदत संपली की तो शब्द लगेच दुसऱ्या पोस्टला देऊ नका, कारण जुनी पोस्ट लोकांच्या मोबाइलवर फिरतच असते.

आता गल्ल्यावरचं काम. एका वहीत पाच रकाने आखा: तारीख, शब्द, बिलाची रक्कम, गिऱ्हाईक नवं की जुनं, आणि गाव. गल्ल्यावरच्या ताईनं प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा, "ताई, मोबाइलवरचा शब्द आहे का?" शब्द आपण होऊन सांगायचा नाही आणि दुकानातल्या फळ्यावरही लिहायचा नाही. नाहीतर दारावरून जाणारी बाईसुद्धा फळा वाचून पुडी घेईल आणि वहीत वाटेल की पोस्टनं कमाल केली. एखादी म्हणाली, "मोबाइलवर बघितलं, पण शब्द विसरले," तर तिला पुडी द्या आणि वहीत "विसरल्या" असंच लिहा. अंदाजानं कुठलाही शब्द भरू नका.

एक उदाहरण घेऊन हिशेब करू. समजा, एका गटाच्या गाळ्यावर पंधरा दिवसांत सरासरी १८,००० रुपयांची विक्री होते. त्यांनी एकाच पंधरवड्यात तीन पोस्ट टाकल्या. फेसबुकवर कुरडयांचा फोटो आणि भाव, शब्द "जातं". व्हॉट्सॲप स्टेटसला मसाला भाजतानाचा व्हिडिओ, शब्द "पाटा". इन्स्टाग्रामवर रील, शब्द "उखळ".

पंधरा दिवसांनी वही उघडली. कुरडयांच्या फोटोला २१० लाईक होते, पण "जातं" म्हणत चारच जणी आल्या आणि ९०० रुपयांचा माल नेला. रील ३,००० वेळा पाहिली गेली, "उखळ" म्हणत तिघी आल्या, ५४० रुपये. स्टेटस १६० जणांनीच पाहिलं होतं, पण "पाटा" म्हणत सतरा जणी आल्या आणि ४,२५० रुपयांची विक्री झाली. म्हणजे जास्त लोकांनी पाहिलेली पोस्ट दुकानात जास्त गिऱ्हाईक आणतेच असं नाही. स्टेटस पाहणाऱ्यांकडे आपला नंबर असतो आणि त्या बहुधा जवळपासच्याच असतात. रील पाहणारी बाई पुण्यात किंवा मुंबईत बसलेली असू शकते. ती गाळ्यावर कशी येणार?

पण इथं थांबलो तर हिशेब फसवा होईल. तिन्ही शब्दांवर मिळून ५,६९० रुपयांची विक्री झाली. गाळ्याची एकूण विक्री मात्र २१,४०० झाली, म्हणजे नेहमीपेक्षा ३,४०० रुपयेच जास्त. मग बाकीचे २,२९० रुपये कुठून आले? उत्तर "नवं की जुनं" या रकान्यात आहे. "पाटा" म्हणणाऱ्या सतरा जणींत अकरा जुन्या होत्या. त्यांतल्या काही जणी मसाला न्यायला तशाही आल्या असत्या, फक्त या वेळी पुडीही घेऊन गेल्या. ३,४०० ची वाढसुद्धा सगळी पोस्टमुळेच, असं म्हणता येत नाही. त्या पंधरवड्यात लग्नं होती का, जत्रा होती का, हे वहीच्या कडेला लिहून ठेवा.

पोस्टची कमाई पाहताना आधी नव्या गिऱ्हाइकांवरच धरा. "पाटा" म्हणत आलेल्या सहा नव्या जणींनी १,४०० रुपयांचा माल नेला. शंभर रुपयांच्या विक्रीत गटाला २५ रुपये सुटत असतील, तर ३५० रुपये सुटले. सतरा पुड्यांचा खर्च १३६ रुपये. हाती उरले २१४ रुपये. आता कुणी म्हणालं की अशाच पोस्टवर ५०० रुपये भरून जाहिरात करू, तर वहीतला आकडा सांगतो की आज तरी ते परवडत नाही. मात्र त्या सहा जणी पुढच्या महिन्यात पुन्हा आल्या, तर हिशेब बदलेल. म्हणून पुढच्या महिन्यातही "पाटावाल्या" आल्या की वहीत खूण करा.

अजून एक गोष्ट पाहा. स्टेटसनं जास्त गिऱ्हाईक आणलं, ते स्टेटसमुळे की मसाला भाजतानाच्या व्हिडिओमुळे? या वहीवरून ते कळत नाही, कारण जागा आणि चित्र दोन्ही वेगळी होती. पुढच्या पंधरवड्यात तोच व्हिडिओ फेसबुकवर टाका आणि त्याला "सूप" हा नवा शब्द द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर वही स्पष्ट बोलते.

आता लिंकबद्दल. लांबच्या गिऱ्हाइकाला दुकानात येता येत नाही, आणि जवळची बाईसुद्धा येण्याआधी भाव विचारते. त्यांच्यासाठी प्रत्येक पोस्टला वेगळी लिंक द्यायची. ती दाबली की व्हॉट्सॲपवर गटाच्या नंबराचं पान उघडतं आणि त्या पोस्टचा शब्द आधीच टाइप झालेला असतो. त्या बाईनं फक्त पाठवायचं बटण दाबायचं. लिंक अशी लिहितात:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=UKHAL
```

९१ च्या पुढं गटाचा दहा आकडी नंबर येतो. आधी अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, मध्ये मोकळी जागा नको. शब्द इंग्रजी अक्षरांत ठेवलेला सोपा, कारण देवनागरी अक्षरं लिंकमध्ये टक्क्याच्या खुणांची लांबलचक माळ होऊन बसतात. दुसऱ्या पोस्टसाठी शेवटचा शब्द तेवढा बदलायचा. टाकण्याआधी दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरून दाबून पाहा. एक आकडा चुकला तर चौकशी अनोळखी माणसाकडे जाईल आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही.

इन्स्टाग्रामच्या पोस्टखाली लिहिलेली लिंक दाबता येत नाही. तिथं ती प्रोफाइलमध्ये किंवा स्टोरीत लावावी लागते. प्रोफाइलमधली लिंक सगळ्या पोस्टना मिळून असते, म्हणून रीलखाली "संदेशात उखळ लिहा" असं सांगा.

लिंक किती वेळा दाबली हे या साध्या लिंकवरून कळत नाही, संदेश किती आले तेवढंच कळतं. दाबल्याची मोजणी करणाऱ्या लिंक छोट्या करण्याच्या सेवा आहेत, पण त्यांच्या आकड्यात आपण स्वतः तपासायला दाबलेलं आणि घरच्यांनी दाबलेलंही धरलं जातं. आपल्याला आलेले संदेश मोजले तरी पुरे. संदेश आला की त्याच वहीच्या मागच्या पानावर शब्द, गाव आणि पुढं काय झालं ते लिहा: दुकानात आली, पार्सल मागवलं, की फक्त भाव विचारला. आपल्या उदाहरणातल्या रीलनं दुकानात तिघीच आणल्या. पण मागच्या पानावर "उखळ" लिहून पार्सल मागणाऱ्या नऊ जणी असतील, तर रील वाया गेली असं म्हणता येणार नाही. तिचं काम गाळ्यावर नाही, टपालावर आहे.

शेवटी एक सावधगिरी. एकाच दिवशी एकाच गावाहून आठ-दहा जणी एकच शब्द घेऊन आल्या, तर समजा की कुणीतरी तो गावच्या ग्रुपवर पुढं पाठवला. त्यात वाईट काही नाही. फक्त वहीत तशी नोंद करा, म्हणजे ती गर्दी स्टेटसच्या खात्यावर चढणार नाही. आणि सगळे शब्द आपल्याच सदस्यांच्या नातेवाइकांकडून येत असतील, तर पोस्ट अजून घराबाहेर पडलेली नाही, असं समजा.

पुढच्या बैठकीत लाईक किती पडले, हे शेवटी वाचा. आधी वहीतली तीन ओळींची बेरीज वाचा: शब्दावर आलेली विक्री, त्यातली नव्या गिऱ्हाइकांची विक्री, आणि पुड्यांचा खर्च. जाहिरातीला पैसे द्यायचे की नाहीत आणि फोटो काढणाऱ्या मुलीला किती द्यायचं, हे त्यानंतर ठरवा.